जे तीन महिने थांबेल आणि जे आजच लागेल

माझ्या मावशीचे यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. निवृत्तीला सोळा वर्षे झाली, तरी कागदपत्रे नीट लावून ठेवण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. फक्त कपाटातल्या फायलींची जागा हळूहळू फोनने घेतली होती. प्रत्येक तपासणीचा अहवाल ते फोनच्या कॅमेऱ्याने टिपून गूगल ड्राइव्हमध्ये ठेवत. आरोग्य विम्याची पॉलिसी जीमेलमध्ये होती. रोजच्या गोळ्यांची यादी, मात्रेसह आणि वेळेसह, फोनमधल्या टिपणवहीत होती. मावशी गमतीने म्हणे, "ह्यांचं सगळं त्या फोनमध्ये आहे, माझ्यासुद्धा गोळ्या."

जूनमधल्या एका पहाटे काकांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणे थांबले. शेजाऱ्यांनी तातडीने रुग्णालयात नेले. पक्षाघात मेंदूतील रक्ताच्या गुठळीमुळे झाला असेल, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची तयारी चालू असतानाच मावशीला विचारले, "हे रक्त पातळ करणारी कोणती गोळी घेतात का? शेवटची कधी घेतली?" या प्रश्नाचे उत्तर फार महत्त्वाचे असते, कारण तशी काही औषधे चालू असतील तर हे इंजेक्शन दिल्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मावशीला एवढेच माहीत होते की हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एक लहान गोळी असते. तिचे नाव फोनमध्ये होते. फोन मावशीच्या हातात होता आणि तो कुलूपबंद होता.

अशा वेळी प्रत्येकाला जे सुचते तेच तिलाही सुचले. काकांचा अंगठा फोनवर टेकवावा. परंतु रात्री बॅटरी संपून फोन बंद पडला होता आणि रुग्णालयात कोणीतरी तो चार्जरला लावून पुन्हा सुरू केला होता. फोन बंद होऊन सुरू झाला की पहिल्या वेळी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, आकड्यांचे कुलूपच उघडावे लागते. हे अँड्रॉइडमध्येही तसेच आहे आणि आयफोनमध्येही. मावशीने लग्नाची तारीख टाकून पाहिली, मुलीची जन्मतारीख टाकून पाहिली. काही चुका झाल्यावर फोन पुढचा प्रयत्न करू देण्याआधी थांबायला लावू लागला. अखेर शेजाऱ्यांच्या मुलाने घरी जाऊन गोळ्यांचा डबाच उचलून आणला आणि पाकिटावरचे नाव वाचून डॉक्टरांनी ते इंजेक्शन न देता दुसऱ्या मार्गाने उपचार करण्याचा निर्णय घेतला. उत्तर वेळेत मिळाले ते एका मुलाच्या सायकलमुळे. फोनचा त्यात काहीही वाटा नव्हता.

मी दुपारी पोहोचले तेव्हा कॅनडाहून त्यांच्या मुलीचा फोन आला. रडणे आवरून तिने विचारले, "आई, बाबांनी मागे ती गूगलची योजना केली होती ना? माझं नाव घातलंय म्हणाले होते. मग मला सगळं का दिसत नाही?" काकांनी योजना खरोखरच केली होती. मात्र 'खाते किती दिवस वापरात नसेल तर' या प्रश्नापुढे त्यांनी सर्वांत मोठी मुदत निवडली होती, अठरा महिने. तेवढे थांबावे लागले असते.

मी हा लेख त्या अठरा महिन्यांमुळे लिहीत आहे. काकांनी निष्काळजीपणा केला नव्हता. उलट आपल्यापैकी बहुतेकांनी जे केले नसते ते त्यांनी केले होते. त्यांचा गैरसमज एवढाच झाला होता की ही सोय संकटाच्या क्षणी कामी येईल. ती त्यासाठी नाही. माणूस गेल्यावर, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने फोन कायमचा हातातून सुटल्यावर, त्याने जपलेले कागद, पत्रे आणि छायाचित्रे घरच्यांच्या हाती पडावीत यासाठी ती आहे. सोय चांगली आहे, प्रत्येकाने करून ठेवावी अशी आहे; पण तिच्यावर कोणते काम सोपवायचे आणि कोणते नाही, हे आधी कळले पाहिजे.

गूगलने ही सोय 2013 साली सुरू केली. तिचे इंग्रजी नाव Inactive Account Manager असे आहे. आपण तिला निष्क्रिय खात्याची योजना म्हणू. तिचा गाभा साधा आहे. मी माझे गूगल खाते अमुक महिने वापरले नाही, तर मी नेमलेल्या अमुक व्यक्तीला कळवा आणि मी ठरवलेली माहिती तिला उतरवून घेऊ द्या, असे आपण आज लिहून ठेवतो. तोवर त्या व्यक्तीला आपल्या खात्यातले काहीही दिसत नाही.

ती करण्यासाठी फोनच्या इंटरनेट ब्राउझरमध्ये myaccount.google.com/inactive हा पत्ता टाइप करावा, हे सर्वांत सोपे. फोनच्या सेटिंगमधून जायचे असेल तर Google नावाच्या भागात Manage your Google Account, त्यात Data & privacy, आणि खाली Make a plan for your digital legacy अशी वाट आहे; पण फोनची भाषा मराठी असेल तर हे शब्द वेगळे दिसतील, म्हणून मी थेट पत्त्यालाच पसंती देते. पान उघडले की Start दाबावे. त्यानंतर तीन गोष्टी विचारल्या जातात: किती काळाने खाते निष्क्रिय समजायचे, कोणाला कळवायचे आणि काय द्यायचे, आणि शेवटी खाते पुसून टाकायचे की नाही. सर्व भरून झाल्यावर Confirm plan दाबले नाही तर योजना लागू होत नाही. मी पाहिलेल्या दोन घरांत नेमके तेवढेच राहून गेले होते.

पहिला प्रश्न मुदतीचा. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने, यांतून एक निवडायचे असते. तीनपेक्षा कमी काळ मिळतच नाही. ज्येष्ठांनी मनात शंका न ठेवता तीन महिने निवडावेत, असे माझे मत आहे. 'मी दोन महिने मुलाकडे गेले आणि फोन पाहिलाच नाही तर उगाच सगळ्यांना निरोप जाईल' ही भीती अनेकांना वाटते. तसे सहसा होत नाही, कारण मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी गूगल आपल्याच फोन क्रमांकावर संदेश आणि आपल्या पत्त्यांवर ईमेल पाठवून विचारते. आपण एकदा खाते उघडले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

काकांचेच उदाहरण घेऊ. समजा त्यांनी तीन महिने निवडले असते आणि खात्याचा शेवटचा वापर 10 जूनला झाला असता. मग सुमारे 10 ऑगस्टपासून त्यांच्या क्रमांकावर विचारणा सुरू झाली असती. कोणीच उत्तर दिले नसते, तर 10 सप्टेंबरच्या सुमारास खाते निष्क्रिय ठरून मुलीला ईमेल गेला असता. विम्याचा दावा, औषधे, जुने अहवाल यांची गरज जूनमध्ये होती. सप्टेंबरमध्ये हाती आले असते ते घराचे कागद, बागेच्या मोजणीचे नकाशे आणि नातवंडांचे फोटो. तेही मोलाचेच, पण ते जूनमधले मागणे नव्हते.

आता एक गोष्ट, जी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. खाते वापरात आहे की नाही हे गूगल केवळ आपण ईमेल वाचतो का यावरून ठरवत नाही. शेवटचे साइन-इन, खात्यातल्या अलीकडच्या हालचाली, फोनवरच्या जीमेलचा वापर, आणि अँड्रॉइड फोन स्वतःहून गूगलला अधूनमधून पाठवत असलेली हजेरी, हे सर्व पाहिले जाते. याचा अर्थ असा की माणूस अंथरुणाला खिळला आहे किंवा गेला आहे, आणि घरच्यांनी त्याचा फोन 'कधीतरी आकडा आठवेल' या आशेने रोज चार्ज करून इंटरनेटला जोडून ठेवला आहे, तर गूगलच्या लेखी ते खाते जिवंत असू शकते. मोजणी सुरूच होत नाही. महिन्यांमागून महिने जातात आणि मुलीला ईमेल का येत नाही याचे कारण उमगत नाही.

म्हणून त्या व्यक्तीच्या पश्चात योजना खरोखर चालायला हवी असेल, तर फोन बंद करून ठेवावा. सिम कार्ड मात्र काढून एखाद्या साध्या हँडसेटमध्ये घालावे आणि त्याचे रिचार्ज चालू ठेवावे. क्रमांक बंद पडला की दूरध्वनी कंपनी कालांतराने तो दुसऱ्याला देते, आणि मग गूगलचा संदेश किंवा एखादा महत्त्वाचा निरोप अनोळखी माणसाच्या हाती पडतो. इथे एक इशारा देणे भाग आहे. सिम जवळ आहे म्हणून गेलेल्या माणसाच्या बँक खात्यातून ओटीपी घालून पैसे काढणे योग्य नाही. त्यासाठी मृत्यूचा दाखला घेऊन नामनिर्देशिताने किंवा वारसाने बँकेत रीतसर दावा करायचा असतो. गूगलच्या योजनेत नाव आहे म्हणून पैशावर हक्क येत नाही. तिथे मिळते ती केवळ माहिती.

दुसरा प्रश्न, कोणाला नेमायचे. दहापर्यंत नावे घालता येतात आणि प्रत्येकाला काय द्यायचे ते वेगवेगळे ठरवता येते. नेमलेल्या व्यक्तीचा ईमेल पत्ता आणि तिला माहिती द्यायची असेल तर फोन क्रमांकही लिहावा लागतो. तो क्रमांक शोभेचा नाही. वेळ आल्यावर तिला आलेल्या ईमेलमधील दुव्यावर गेले की त्याच क्रमांकावर एक सांकेतिक आकडा येतो आणि तो घातल्यावरच माहिती उतरवून घेता येते. काकांनी लिहिलेला क्रमांक मुलीचा पुण्यातला होता, जो तिने परदेशी गेल्यावर सहा महिन्यांतच सोडून दिला होता. अठरा महिने थांबूनही तिला दार उघडता आले नसते. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी हे आज रात्रीच तपासावे, आणि शक्य असेल तर एक नाव परदेशातले आणि एक इथले, असे घालावे.

नेमल्याचे त्या व्यक्तीला गूगल कळवत नाही. निरोप थेट खाते निष्क्रिय झाल्यावरच जातो. सध्याच्या फसवणुकीच्या दिवसांत, वडील जाऊन तीन महिने झाल्यावर 'तुमच्यासाठी माहिती ठेवली आहे, दुव्यावर जा' असा ईमेल आला तर शहाणे मूल तो पुसूनच टाकेल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. म्हणून आपणच आधी सांगून ठेवायचे, आणि ईमेलसोबत जाणारा मजकूर आपल्याला लिहिता येतो त्यात घरातल्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द घालायचा. काकांनी आता त्यात आजीच्या गावच्या विहिरीचे नाव घातले आहे. अर्थात खात्री करून घेण्याची खूण एवढीच नव्हे. फोनवर आलेला आकडा त्या पानावर आपणच टाइप करायचा असतो. तो 'सांगा' म्हणून जर कोणी फोन केला, तर तो माणूस खोटा.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. त्यांना पासवर्ड मिळत नाही, आणि आई-वडिलांच्या नावाने ईमेलही पाठवता येत नाही. मिळतात त्या माहितीच्या प्रती, झिप फायलींच्या रूपात, आणि त्या उतरवून घेण्यासाठी तीन महिन्यांचाच अवधी असतो. वर्षानुवर्षांचे फोटो असतील तर फोनवर ते मावणार नाहीत. संगणक आणि पुरेशी जागा असलेली हार्ड डिस्क लागेल.

तिसरा प्रश्न खाते पुसण्याचा. 'होय' म्हटले तर खाते निष्क्रिय ठरल्यावर तीन महिन्यांनी ते सर्व मजकुरासह पुसले जाते. ज्यांना तसेच हवे आहे त्यांनी अवश्य करावे, परंतु काय करतो आहोत हे न कळता तो पर्याय चालू करू नये. दुःखात असलेल्या घराला तीन महिने फार थोडे वाटतात. दुसऱ्या बाजूने, 'नको' म्हटले म्हणजे खाते अमर झाले असेही नाही. दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून अमलात आणले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रुग्ण समोर आहे, हसतो-बोलतो आहे, पण त्याने फोन सोडून दोन वर्षे होत आली आहेत आणि त्यात त्याच्या सबंध आयुष्याचे फोटो आहेत, अशी स्थिती आपल्या नकळत येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या पहाटे जे लागणार होते, त्याचे काय करायचे? ते कुठल्याही योजनेच्या मुदतीवर अवलंबून ठेवायचेच नाही. काका पाचव्या आठवड्यात घरी आले तेव्हा वाचा पुरती परतली नव्हती. कुलपाचा आकडा त्यांना सांगता येईना, लिहिताही येईना. पण फोन डाव्या हातात दिल्यावर अंगठ्याने तो बिनचूक दाबला. त्यानंतर मी, मावशी आणि फोनच्या पडद्यावरून त्यांची मुलगी, असे आम्ही तिघींनी बसून पुढील गोष्टी केल्या. काका मान हलवून होकार-नकार देत होते.

प्रथम कुलूप न उघडता दिसणारी माहिती. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये Safety & emergency हा भाग असतो; त्यात Medical information आणि Emergency contacts भरता येतात आणि फोन कुलूपबंद असतानाही ती दिसावी अशी परवानगी देता येते. तिथे आम्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव सर्वांत वर लिहिले, मग इतर औषधे, ॲलर्जी, आणि मावशीचा व माझा क्रमांक. फोनच्या कंपनीनुसार हे कुठे सापडते ते बदलते, म्हणून भरून झाल्यावर स्वतःच फोन बंद करून, कुलूप न उघडता, Emergency call च्या पडद्यावरून ते सापडते का हे पाहावे. आयफोनमध्ये हेच काम Health ॲपमधील Medical ID करते. तिथे Show When Locked चालू असायला हवे. प्रत्येक रुग्णालयातील कर्मचारी तिथे पाहतीलच असे नाही. घरच्यांना ते कसे उघडायचे हे माहीत असणे अधिक महत्त्वाचे, आणि मावशीने ते तीनदा करून पाहिले.

मग एक सामाईक फोल्डर. काकांच्या ड्राइव्हमध्ये 'दवाखाना' नावाचा फोल्डर करून त्यात फक्त पाच गोष्टी ठेवल्या: औषधांची चालू यादी, शेवटचा इको आणि रक्ततपासणी, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, विम्याची पॉलिसी आणि आधार कार्ड. तो फोल्डर मावशी, मुलगी आणि मी यांच्याशी Share केला, आणि आमचा हक्क Viewer एवढाच ठेवला. म्हणजे आम्ही पाहू शकतो, चुकून काही पुसू शकत नाही. मावशीच्या फोनवर तो एकदा उघडून दाखवला, कारण सामाईक केलेली गोष्ट कुठे दिसते हेच पुष्कळांना सापडत नाही. औषधांची यादी छापून तारीख घालून तिच्या पर्समध्येही आहे. रुग्णालयाच्या तळघरात, जिथे सीटी स्कॅनचे यंत्र असते, फोनला रेंज नसते हे आम्ही त्या दिवशी अनुभवले होते.

आणि शेवटी पाकीट. फोनच्या कुलपाचा आकडा आणि गूगल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालायचे, तोंडावर सही करायची आणि कपाटाच्या कुलपाच्या कप्प्यात ठेवायचे. याला काहीजण नाके मुरडतात. पासवर्ड लिहू नये असेच आपण ऐकत आलो आहोत. माझे मत वेगळे आहे. ज्येष्ठांना लुबाडणारा माणूस फोनवरून बोलत असतो, तो कपाटापाशी येत नाही. मात्र घरात परिचारिका किंवा सेवक येत असतील तर कप्प्याची किल्ली आपल्यापाशीच हवी. आणि त्या कागदावर यूपीआयचा किंवा एटीएमचा आकडा कधीही लिहू नये. इथे आम्हाला एक घोळ सापडला: काकांचा फोनचा आणि यूपीआयचा आकडा एकच होता. सोपे पडते म्हणून अनेकजण तसेच करतात. एक पाकिटात ठेवायचा असेल तर दुसरा आधी बदलावा लागतो, आणि तो बदलायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला.

ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी ॲपलची Legacy Contact ही सोय आहे, डिसेंबर 2021 मध्ये आलेली. सेटिंगमध्ये आपल्या नावावर, तिथून Sign-In & Security मध्ये ती सापडते. ती मुदतीवर चालत नाही. नेमलेल्या व्यक्तीकडे आपण दिलेली Access Key आणि मृत्यूचा दाखला, ही दोन्ही लागतात. त्यामुळे माणूस बेशुद्ध आहे किंवा वाचा गेली आहे, अशा वेळी तिचा काहीच उपयोग नाही. की छापून त्याच पाकिटात ठेवावी. ती हरवली तर खोळंबा होतो. विनंती मान्य झाल्यापासून तीन वर्षे फोटो, संदेश, टिपणे पाहता येतात, पण फोनमध्ये साठवलेले पासवर्ड त्यात मिळत नाहीत.

आणि कोणतीच योजना केली नसताना माणूस गेला तर? गूगलकडे त्यासाठी कुटुंबीयांचा अर्ज आहे. खाते बंद करण्याची विनंती करता येते, काही परिस्थितीत मजकूरही मागता येतो. पण पासवर्ड दिला जात नाही आणि मजकूर मिळेलच याची हमी नाही. कागदपत्रे पाठवत राहण्याची तयारी ठेवूनच तो मार्ग धरावा.

सर्व आटोपल्यावर मावशीने आपला फोन पुढे केला. "माझंही करून टाक." जीमेल उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातील गोलावर बोट ठेवले तर दोन खाती दिसली. एक तिचे नेहमीचे, आणि दुसरे फोन घेतला तेव्हा दुकानदाराने परस्पर उघडलेले, ज्याचा पासवर्ड तिला कधीच माहीत नव्हता. नऊ वर्षांचे फोटो त्या दुसऱ्या खात्यात साठत गेले होते. योजना प्रत्येक खात्याची स्वतंत्र करावी लागते, आणि पासवर्ड ठाऊक नसेल तर फोन हातात चालू असतानाच तो बदलून घ्यावा लागतो. फोन गेला की ते खातेही गेले. त्या खात्याच्या यादीत तिने मुलीचे आणि माझे अशी दोन नावे घातली.

नेहमीच्या खात्याशी मात्र ती थांबली. काय काय द्यायचे याची लांबच लांब यादी समोर होती, आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायची होती. फोटोंपुढे तिने केली, ड्राइव्हपुढे केली. जीमेलपाशी येऊन म्हणाली, "हे नको. माझ्या मैत्रिणीची पत्रं आहेत त्यात. तिनं मला लिहिली, पोरांना नाही." मी ती ओळ रिकामी ठेवली, आणि तिने स्वतःच्या बोटाने Confirm plan दाबले.